तीस दिवसांत बारा किलो? आधी हिशेब मांडू या



गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली, सहा हजार रुपयांची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'औषधोपचार'. कर्ज द्यायला कुणाचीच हरकत नव्हती, ताई नियमित हप्ते भरणाऱ्या. पण औषध कोणतं, असं सहज विचारलं तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला. वजन कमी करणाऱ्या पावडरीची वेबसाइट होती. एका बाजूला जाड बाई, दुसऱ्या बाजूला तीच बाई सडपातळ, वर एका सिनेनटीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'तीस दिवसांत बारा किलो'. तीन महिन्यांचा संच सहा हजारांना. आणि वर एक घड्याळ उलटं चाललेलं, सवलत संपायला फक्त अकरा मिनिटं बाकी.

ताईंनी एक महिन्याचा डबा आधीच घेतला होता. 'पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले, खोटं कसं म्हणता?' असं त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. म्हणून त्या दिवशी आम्ही कर्जाचा निर्णय बाजूला ठेवला आणि सगळ्याजणी मिळून ती वेबसाइट तपासायला बसलो. काय काय केलं, तेच आज सांगतो.

सुरुवात हिशेबाने केली, कारण वह्या लिहून लिहून हिशेब आपल्याला चांगला येतो. शरीरातली एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. बारा किलोंना झाल्या ९२,४००. तीस दिवसांनी भागलं तर रोजच्या तीन हजारांहून थोड्या जास्त. आता आपल्यासारखी बाई, घरकाम आणि शेतातलं काम धरून, दिवसभरात सतराशे ते एकवीसशे कॅलरी खर्च करते. म्हणजे महिनाभर पाण्यावर राहिलं तरी बारा किलो चरबी उतरत नाही. पावडर कुठलीही असो, हा हिशेब तिला मोडता येत नाही. रोजच्या जेवणातून पाचशे कॅलरी कमी केल्या, तर महिन्याला सुमारे दोन किलो उतरू शकतात. ज्या जाहिरातीतला आकडा याच्या कितीतरी पट आहे, तिथे उतरलं असेल तर ते चरबीपेक्षा दुसरंच काहीतरी.

मग ताईंचे तीन किलो गेले कुठे? डब्यावरचे घटक वाचले. बारीक अक्षरं होती, फोटो काढून मोठी करून वाचली. पाचव्या क्रमांकावर सोनामुखी. सोनामुखी आपल्या आजीलाही माहीत होती, पोट साफ करायची. ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'हो, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायचं. त्यांनी सांगितलं होतं की विष बाहेर पडतंय.' जे बाहेर पडत होतं ते पाणी आणि क्षार. जेवण कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात शरीरातलं साठवलेलं पाणीही उतरतं. काटा खोटं बोलला नव्हता, पण काट्याला पाणी आणि चरबी यातला फरक कळत नाही. डबा संपल्यावर दहा दिवसांत ते तीन किलो परत आले होते, आणि म्हणूनच आता तीन महिन्यांचा संच हवा होता.

आता फोटोंकडे येऊ. आमच्या गटातल्या एकीने सुचवलं, आपणच करून पाहू. तिला आधी खिडकीकडे तोंड करून उभं केलं, उजेड समोरून सपाट, खांदे पाडलेले, पोट सैल सोडलेलं, चेहरा गंभीर, अंगात सैल गाऊन. फोटो काढला. मग तिनेच अंगासरशी गडद कुर्ता घातला, किंचित तिरकी उभी राहिली, मान उंच केली, पोट आत घेतलं आणि हसली. उजेड बाजूने घेतला. दुसरा फोटो काढला. मध्ये दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर पाच-सहा किलोंचा फरक कुणालाही वाटला असता. यात फोटोवर कसलीही कारागिरी केलेली नव्हती.

त्यामुळे असे फोटो पाहताना माणूस पाहू नका, बाकीचं पाहा. कपडे, उजेड, उभं राहणं, अंतर, चेहऱ्यावरचा भाव दोन्हीकडे सारखे आहेत का? पाठीमागची भिंत किंवा दाराची चौकट कमरेजवळ वाकडी झाली आहे का? झाली असेल तर कंबर मोबाईलवर दाबून बारीक केली आहे. आणि शेवटची तपासणी म्हणजे त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्समध्ये टाकायचा. आम्ही टाकला. वेबसाइटवर जी बाई 'पुण्याची गृहिणी' होती, तोच फोटो दुसऱ्या एका व्यायामाच्या पानावर परदेशी नावाने निघाला, तिसरीकडे एका चहाच्या जाहिरातीत. मात्र हेही लक्षात ठेवा, लेन्सला काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा ठरला, असं नाही.

नटीचं काय? पहिला प्रश्न, तिने हे खरंच सांगितलं आहे का? तिच्या स्वतःच्या, निळी खूण असलेल्या खात्यावर ती जाहिरात आहे का ते पाहा. हल्ली आवाज आणि ओठांची हालचाल बनवून खोटा व्हिडिओ तयार करता येतो, तेव्हा वेबसाइटवरचा व्हिडिओ हा पुरावा धरू नका. दुसरा प्रश्न, सांगितलं असेल तर पैसे घेऊन का? आपल्याकडे २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कंपनीशी असलेलं असं नातं जाहिरात करणाऱ्याने उघड सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

पण समजा, सांगणारा खरा आहे आणि डॉक्टरही आहे. तरी काय होतं, त्याची एक गोष्ट ऐका. अमेरिकेत मेहमत ओझ नावाचे हृदयाचे शल्यविशारद टीव्हीवर फार लोकप्रिय. २०१२ साली त्यांनी हिरव्या कॉफीच्या अर्काचं कौतुक केलं आणि तो अर्क धडाधड खपला. आधाराला एक अभ्यास होता, तोही आपल्या भारतात केलेला. त्यात माणसं फक्त सोळा आणि दावा बावीस आठवड्यांत सरासरी आठ किलो उतरल्याचा. पुढे तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने तपास केला. त्यात आरोप झाला की अभ्यास करणाऱ्याने लोकांच्या वजनाचे आकडे वारंवार बदलले होते. २०१४ साली अभ्यास करवणाऱ्या कंपनीने पस्तीस लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं आणि तो अभ्यासही मागे घेतला गेला. सांगणारा मोठा होता, पण आकडे त्याने तपासले नव्हते. म्हणून तोंड कुणाचं आहे यापेक्षा आकडा कुठून आला, हे विचारायचं.

यानंतर ताईंनी डबा आमच्यासमोर धरला, 'पण यावर सरकारचा नंबर आहे की!' होता. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक. तो तपासता येतो. मोबाईलवर foscos.fssai.gov.in उघडायचं, FBO Search मध्ये क्रमांक टाकायचा. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपला, ते दिसतं. आमच्या डब्यावरचा क्रमांक खरा निघाला, पण नाव वेगळ्याच कंपनीचं होतं, पत्ताही दुसऱ्या राज्यातला. एक कंपनी बनवते आणि दुसरी विकते असं असू शकतं, पण मग डब्यावर दोघींची नावं हवीत. इथे नव्हती.

आणि क्रमांक अगदी जुळला असता, तरी त्याचा अर्थ एवढाच की त्या धंद्याला खाद्यपदार्थ बनवायची किंवा विकायची परवानगी आहे. पावडरीने वजन उतरतं, असं सरकारने तपासून दिलेलं ते प्रमाणपत्र नव्हे. पूरक आहाराच्या डब्यावर तर 'औषध म्हणून वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना लिहावीच लागते. ताईंच्या डब्यावरही होती, 'NOT FOR MEDICINAL USE'. वेबसाइटवर मात्र लिहिलं होतं, थायरॉइड मुळापासून बरा. डबा एक सांगतो आणि वेबसाइट दुसरं, तेव्हा खरं डब्यावरचं, कारण तिथे कायद्याची भीती असते. लठ्ठपणावर औषध म्हणून जाहिरात करायला तर १९५४ च्या जादुई उपचार कायद्यानेच मनाई आहे. 'आयुर्वेदिक आहे' म्हटलं तरी सुटका नाही.

सगळ्यात काळजीची गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते. वजन कमी करणाऱ्या 'वनौषधीं'त सिब्युट्रामिन नावाचं औषध लपवून घातल्याचं अनेक देशांत तपासणीत सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून हे औषध २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून मागे घेतलं गेलं आणि २०११ मध्ये भारतातही बंद झालं. ते घरी ओळखता येत नाही, प्रयोगशाळाच लागते. पण खाल्ल्यावर छातीत धडधड, तोंडाला कोरड, झोप उडणं, बीपी वाढणं असं काही जाणवलं तर पावडर त्याच दिवशी थांबवा आणि डबा घेऊन आरोग्य केंद्रात जा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली तरीही उशीर करायचा नाही, कारण अशा काही उत्पादनांनी यकृताला इजा झालेली आहे. डबा फेकू नका, डॉक्टरांना तोच लागतो.

बोलता बोलता शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. वेबसाइटवरच्या 'सल्लागार' मुलीने फोनवर सांगितलं होतं की पावडर चालू असताना थायरॉइडची गोळी बंद ठेवा. ताईंनी दीड महिना गोळी घेतली नव्हती. पायावर सूज होती, थकवा होता, आणि त्या समजत होत्या की हे वजनामुळेच. थायरॉइड कमी पडला की शरीरात पाणी धरतं आणि वजन वाढतं. म्हणजे जी गोळी वजन आटोक्यात ठेवायला मदत करत होती, तीच पावडरीसाठी बंद झाली होती.

गटाने त्या दिवशी ठराव केला. पावडरीसाठी कर्ज नाही. तपासणीला जायला लागतील ते पैसे लगेच. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी ताईंबरोबर ग्रामीण रुग्णालयात गेल्या. रक्त तपासलं, टीएसएच बरंच वाढलेलं होतं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि सहा आठवड्यांनी परत तपासायला बोलावलं. पायाची सूज आता उतरते आहे. वजनाचं अजून काही सांगता येत नाही, आणि ताईंनीही काटा महिन्यातून एकदाच बघायचं ठरवलं आहे.

तुमच्यापैकी कुणी पैसे भरून बसली असेल तर लाजू नका. वेबसाइटचे, जाहिरातीचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, डबा आणि बिल ठेवा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन माल आलाच नसेल, किंवा खात्यातून परस्पर पैसे गेले असतील, तर लगेच १९३० ला फोन करा, तिथे तासाभराचा उशीरही महागात पडतो.

आणि ते अकरा मिनिटांचं घड्याळ? बैठक संपता संपता आम्ही वेबसाइट पुन्हा उघडली. सवलत संपायला अजूनही अकराच मिनिटं बाकी होती.