चोवीस गुणांचं शेवटचं वाचन

राज्य मंडळाच्या बारावीतलं विज्ञानाचं जर्नल बहुतेक मराठी घरांनी पाहिलेलं असतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं हा साचा ठरलेला असतो आणि शेवटी बाईंची किंवा सरांची सही. मुंबई-पुण्यातल्या ज्या शाळांत आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट म्हणजे आयबीचा डिप्लोमा शिकवतात, तिथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोग स्वतः ठरवून त्याचा अहवाल लिहावा लागतो. तो जास्तीत जास्त ३००० शब्दांचा आणि २४ गुणांचा असतो. विषयाच्या अंतिम श्रेणीत त्याचा वाटा २० टक्के. शिक्षक मसुदा एकदाच वाचून सल्ला देतात, त्यानंतरची प्रत अंतिम धरली जाते. त्यामुळे शेवटची तपासणी विद्यार्थ्याची त्यालाच करावी लागते.

ही तपासणी बहुतेक मुलं पहिल्या पानापासून वाचत करतात. शुद्धलेखन सुधारतं, एखादं वाक्य गुळगुळीत होतं, गुण मात्र जिथल्या तिथे राहतात. आपलंच लेखन आपण वाचतो तेव्हा डोळ्यांना कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं. म्हणून वाचन उलट्या बाजूने सुरू करायचं. समोर रुब्रिक, म्हणजे गुणदानाचा तक्ता ठेवायचा, त्यातली एक ओळ घ्यायची आणि ती मागणी पूर्ण करणारं वाक्य अहवालात शोधायचं. सापडलं की समासात खूण करायची, नाही सापडलं तर फुली. फुली पडली की लगेच दुरुस्तीला बसायचं नाही. एक जागा सुधारताना दुसरी बिघडते, आणि ते कळायला आधी सगळ्या फुल्या एकत्र दिसाव्या लागतात.

२०२५ च्या परीक्षेपासून लागू झालेल्या या तक्त्यात चार निकष आहेत : संशोधनाची आखणी, माहितीचं विश्लेषण, निष्कर्ष आणि मूल्यमापन. प्रत्येकाला सहा गुण. खरी मेख पायऱ्यांमध्ये आहे. मूल्यमापनात कोणत्याही प्रयोगाला चिकटवता येतील अशा सर्वसाधारण त्रुटी नुसत्या नोंदवल्या, तर एक-दोन गुण. याच प्रयोगातल्या नेमक्या त्रुटींचं वर्णन केलं, तर तीन-चार. त्यातल्या कोणत्या त्रुटीचा परिणाम किती मोठा, हे उलगडून सांगितलं तर पाच-सहा.

साध्या लंबकाचा एक नमुना अहवाल घेऊ. (लंबक म्हटलं की आयबीचे शिक्षक किंचित उसासा टाकतात, पण चुका दाखवायला यापेक्षा स्वच्छ प्रयोग मिळणार नाही.) दोऱ्याची लांबी ३० ते ९० सेंटिमीटर, १५-१५ च्या अंतराने पाच लांब्या. आवर्तनकाळाचा वर्ग उभ्या अक्षावर, लांबी आडव्या अक्षावर. रेषेचा चढ 4π²/g इतका असतो, त्यावरून g काढायचा. अहवालातला चढ ४.०९ आहे, म्हणून g आला ९.६५, अनिश्चितता ०.१२. निष्कर्षात लिहिलंय : ‘हे मूल्य प्रायोगिक त्रुटीच्या मर्यादेत ९.८१ शी जुळतं.’

पहिला निकष. कृती इतकी नेमकी हवी की वाचणाऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता यावा. कृतीत दहा आंदोलनं मोजली असं लिहिलंय, तक्त्यात ९० सेंटिमीटरपुढे ३८.३ सेकंद आहेत. भागाकार केला की एका आंदोलनाला ३.८३ सेकंद येतात. एवढ्या लांबीच्या लंबकाला दोनाच्या आतच वेळ लागतो. म्हणजे मोजली वीस. सुरुवातीचा बेत दहाचा होता आणि कृतीतला आकडा बदलायचा राहिला. सरळ वाचताना हे दिसणं कठीण, कारण दोन आकड्यांमध्ये तीन पानं असतात. फुली.

दुसऱ्या निकषात अनिश्चिततेचा विचार पाहतात. तक्त्याच्या शीर्षकात वेळेपुढे ±०.०१ सेकंद लिहिलेलं असतं, कारण स्टॉपवॉच तेवढं दाखवतं. पण घड्याळ दाबणारं बोट माणसाचं असतं, आणि त्याची चूक सेकंदाच्या एक-दोन दशांशांइतकी सहज होते. वीस आंदोलनांच्या वेळेत ०.२ सेकंद धरले, तर एका आंदोलनाच्या वाट्याला ०.०१ येतात. आकडा तोच, जागा चुकलेली. पुन्हा फुली.

तिसऱ्या निकषाला निष्कर्ष विश्लेषणाशी पूर्ण सुसंगत हवा असतो. इथे नुसती बेरीज करायची : ९.६५ अधिक ०.१२ म्हणजे ९.७७. हा आकडा ९.८१ पर्यंत पोहोचत नाही. मुंबईतला g सुमारे ९.७९ आहे, तिथपर्यंतही नाही. ‘त्रुटीच्या मर्यादेत’ हे शब्द सवयीने लिहिले गेले आणि अहवालातल्याच आकड्यांनी ते खोटे पाडले. या प्रकारची चूक फार मुलं करतात आणि ती सर्वात महाग पडते, कारण परीक्षकाला ती पकडायला दोन सेकंद पुरतात.

उत्तर कमी का आलं, हा चौथ्या निकषाचा प्रांत. अहवालात हवेचा विरोध आणि मोठा कोन अशी दोन कारणं दिलेली आहेत. कोनाचा हिशेब करून पाहता येतो. दहा अंशांच्या झोक्याने आवर्तनकाळ साधारण ०.२ टक्का वाढतो, त्यामुळे g ०.४ टक्का, म्हणजे ०.०४ ने कमी येईल. तूट मात्र ०.१४ ची आहे. तेव्हा मोठा कोन हा फार तर साथीदार.

मुख्य आरोपी कृतीतल्या एका निरुपद्रवी वाक्यात लपलाय : ‘लांबी आधारापासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली.’ लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गोळा दोन सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे प्रत्येक लांबी एक सेंटिमीटरने कमी नोंदली गेली. एवढ्यानेही बिघडलं नसतं. सगळ्या लांब्या सारख्याच कमी असल्या, तर रेषा फक्त वर सरकते, चढ तोच राहतो. पण अहवालातली रेषा हट्टाने शून्यातून नेलेली आहे. त्या सक्तीमुळे चढ ४.०३ चा ४.०९ झाला. रेषा मोकळी सोडली की ती उभ्या अक्षाला ०.०४ वर छेदते आणि g ९.८० येतो. अनिश्चितता तेवढीच धरली, तर मुंबईचं मूल्य आता आरामात आत बसतं. इतकंच नव्हे, तो ०.०४ चा छेदसुद्धा एका सेंटिमीटरच्या चुकीशी जुळतो. हे चार ओळींत मांडलं की मूल्यमापन तिसऱ्या पायरीवर जातं, कारण कोणती त्रुटी किती भारी हे आकड्यांनिशी सांगितलेलं असतं. सुधारणाही त्यातूनच निघते : गोळ्याचा व्यास व्हर्नियरने मोजून त्याचा निम्मा भाग लांबीत मिळवायचा.

दुरुस्ती करताना क्रमही पाळावा लागतो. आधी आलेख, मग त्यावरून निघालेला g, मग त्याची अनिश्चितता, आणि त्यानंतर तो आकडा जिथे-जिथे आलाय त्या सगळ्या जागा. ‘९.६५’ हा आकडा फाइलमध्ये शोधला की तो हमखास एखाद्या विसरलेल्या परिच्छेदात सापडतो.

आता शब्द वाढलेले असतात. ३००० च्या पुढचा मजकूर परीक्षक वाचत नाहीत, आणि मूल्यमापन असतं सगळ्यात शेवटी. म्हणजे मर्यादा ओलांडली तर कात्री नेमकी नव्याने कमावलेल्या ओळींवर चालते. तक्ते आणि समीकरणं शब्दसंख्येत धरली जात नाहीत, हा थोडा दिलासा. कापायचंच असेल, तर प्रस्तावनेतला गॅलिलिओ आणि पिसाच्या चर्चमधलं झुंबर हा परिच्छेद आधी जाऊ द्यावा. त्याला कोणत्याही निकषात गुण नाहीत.

सगळ्यात शेवटी पीडीएफ उघडून फक्त आकडे, एकके आणि अक्षांची नावं पाहायची. फाइलचं रूपांतर होताना T² मधला वरचा दोन कधीकधी खाली उतरतो, आणि मग आलेखाचा उभा अक्ष T2 असं काहीतरी भलतंच मोजू लागतो.