वरचा आकडा एकच, गोळ्या मात्र वेगळ्या

समजा, एकाच घरातली दोन माणसं. मुलगा ५२ वर्षांचा, सात वर्षांपासून मधुमेह. आई ८१ वर्षांच्या. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दोघांचा वरचा रक्तदाब १६२च्या आसपास येतो. डॉक्टर मुलाला पहिल्याच दिवशी दोन औषधं देतात आणि आईंना एकच, तेही कमी मात्रेत. घरच्यांना वाटतं, मुलाचं दुखणं जास्त गंभीर असणार. पण गोळ्यांची संख्या दुखण्याचं गांभीर्य सांगत नाही. दाब किती उतरवायचा आहे आणि ते उतरणं शरीराला किती झेपेल, यावर ती ठरते.

आधी मुलाचं बघू. त्यांचा दाब १६२/१०० आहे आणि मधुमेह असल्यामुळे तो १३०/८०च्या खाली आणायचा आहे. म्हणजे वरचा आकडा तीसपेक्षा जास्त उतरायला हवा. नेहमीच्या मात्रेतलं एक औषध सरासरी दहाच्या आसपास उतरवतं. मग त्याच औषधाची मात्रा दुप्पट का करू नये? कारण मात्रा दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही. २००९ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा वेगळ्या जातीचं दुसरं औषध जोडल्याने मिळणारा जादा फायदा हा पहिल्याची मात्रा दुप्पट करण्याच्या जवळजवळ पाचपट दिसला. शिवाय मात्रा वाढली की त्रासही वाढतो. अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅमवर गेलं की अनेकांचे घोटे सुजतात. सोबत टेल्मिसार्टन असेल तर ५ मिलिग्रॅमवर भागू शकतं आणि सूजही कमी राहते.

टेल्मिसार्टन निवडायला त्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. त्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय, म्हणजे मधुमेहाचा मूत्रपिंडाला त्रास सुरू झाला आहे. टेल्मिसार्टनमुळे मूत्रपिंडाच्या गाळण्यांमधला दाब कमी होतो आणि प्रथिन जाण्याचं प्रमाण घटतं. म्हणून टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. रोज एकच गोळी घ्यायची असली की ती चुकण्याची शक्यताही कमी.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन १.१वरून १.३ झालेलं दिसलं की घाबरून गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात. गाळण्यांमधला दाब उतरला की सुरुवातीला एवढी वाढ होऊ शकते. ती तीस टक्क्यांच्या आत असेल आणि पोटॅशियम ठीक असेल, तर औषध चालू ठेवतात. वाढ त्याहून जास्त असेल, तर मात्र कारण शोधावं लागतं.

आता आई. त्यांचा दाब १६२/७४ आहे. वर जास्त आणि खाली कमी, कारण वयानुसार मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात. डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं झोपवून दाब मोजला आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला. तो १३८ भरला, म्हणजे २४ने घसरला. वीस किंवा त्याहून जास्त घसरण हा इशारा असतो. इथे एकदम दोन औषधं दिली, तर रात्री बाथरूमला उठताना भोवळ येऊन खुब्याचं हाड मोडायचा धोका. म्हणून आधी त्या झोपेची किंवा दाब उतरवणारी दुसरी कुठली गोळी घेतात का, पाणी पुरेसं पितात का, हे विचारलं आणि मग अ‍ॅम्लोडिपिन अडीच मिलिग्रॅमने सुरुवात केली. लघवी वाढवणारी गोळीही वृद्धांना उपयोगी पडते, पण तिने रक्तातलं सोडियम घसरून गोंधळल्यासारखं होऊ शकतं, त्यामुळे तपासणी लागते. वय झालं म्हणून उपचारच नकोत, असं मात्र नाही. ऐंशीच्या पुढच्या लोकांवरची मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका औषधाने सुरुवात करून गरजेप्रमाणे दुसरं जोडलं होतं आणि उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले.

सोबतचं दुखणं निवड कशी पालटतं, याचं ठळक उदाहरण म्हणजे दमा. त्यात बीटा ब्लॉकर शक्यतो टाळतात, पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला बहुधा तेच औषध आधी लागतं. आणि मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या स्त्रीला टेल्मिसार्टन देत नाहीत, कारण गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा होते. त्यामुळे दिवस गेले आहेत किंवा तसा विचार आहे, हे चिठ्ठी लिहिण्याआधीच सांगायला हवं.

महिन्याने दोघांचा दाब पुन्हा मोजायचा, आईंचा उभं करूनही. त्यांना गोळी सोसली आणि दाब अजून चढाच असेल, तर मात्रा हळूहळू वाढवतील किंवा दुसरं औषध जोडतील. दोघांच्या गोळ्या सारख्या दिसतात म्हणून आईंनी मुलाच्या डबीतली गोळी घेऊ नये. तिच्यात त्यांच्या अ‍ॅम्लोडिपिनची दुप्पट मात्रा आहे आणि वर आणखी एक औषध.