एकच स्वयंपाक, वेगळे ताट: मधुमेह असलेल्या घरासाठी व्हिडिओची संहिता

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस, गूळ आणि ज्वारीची भाकरी रोजच्या ताटातल्या गोष्टी आहेत. त्यामुळे दवाखान्यात दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. पहिले, "साखर बंद केली, आता चहात गूळ घालतो." दुसरे, "भात सोडला, फक्त भाकरी खातो." दोन्ही वाक्यांत प्रामाणिक प्रयत्न असतो, तरी तपासणीत साखर फारशी उतरलेली नसते.

घरातल्यांना, बचत गटात किंवा आरोग्य उपकेंद्रात दाखवता येईल अशा पाच मिनिटांच्या व्हिडिओची संहिता खाली दिली आहे. घर सहा जणांचे: सासू-सासरे, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मधुमेह सासऱ्यांना आहे. स्वयंपाक सगळ्यांचा एकच होतो, बदलते ते फक्त वाढप.

दृश्य 1: सकाळचा चहा

*सासरे:* "गूळ घाल गं, साखर नको."
*सून:* "मामा, आजपासून चहा बिनसाखरेचाच उकळते. ज्याला हवी त्यानं कपात घ्यायची. तुम्ही दोनऐवजी दीड चमचा घ्या."

गुळात थोडी खनिजे असली तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने चमचाभर गूळ आणि चमचाभर साखर यांत फारसा फरक पडत नाही. काकवीचेही तेच. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे धरले तर आठ चमचे साखर केवळ चहातून जाते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर महिन्याभरात जिभेला सवय होते.

रसवंतीवरचा ग्लासभर उसाचा रसही याच हिशेबात धरावा. त्यात साधारण सहा-सात चमचे साखर असते आणि ती लगेच रक्तात उतरते. त्याऐवजी ताक किंवा बिनसाखरेचे लिंबूपाणी घ्यावे. डाळिंब किंवा पेरू खायचा तर रस न काढता, मध्यम आकाराचे अर्धे-एक फळ खावे.

दृश्य 2: रात्रीचे जेवण

*पडद्यावर:* स्वयंपाकघरातला वजनकाटा. सून एका भाकरीचे पीठ तोलते: 80 ग्रॅम. शेजारी एका फुलक्याचे पीठ: 27 ग्रॅम.
*सून:* "आत्या, एक भाकरी म्हणजे तीन फुलके झाले की!"

ज्वारी चांगले धान्य आहे, पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातले पिष्टमय पदार्थ जवळपास सारखेच असतात. फुलके मोजून खाल्ले जातात. भाकरी मात्र "दोनच खाल्ल्या" म्हणून सुटते, आणि त्या दोन भाकरींत सहा फुलक्यांएवढे पीठ असते.

सासऱ्यांचे नेहमीचे ताट असे आहे: दोन भाकरी, वाटीभर भात, पातळ आमटी आणि बटाट्याची भाजी. इथे भाकरी, भात आणि बटाटा हे तिन्ही पदार्थ एकाच गटातले आहेत. बटाटा भाजी म्हणून वाढला तरी हिशेबात तो धान्याच्या बाजूला जातो.

बदललेल्या ताटाचे तीन भाग करावेत. अर्ध्या ताटात मेथी, गवार, वांगी किंवा चाकवत यांपैकी एखादी भाजी आणि काकडी-मुळा. पाव ताटात मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ, पिठले, अंडी किंवा भिगवणची मासळी, पण मासळी तळलेली नको, कालवणातली. उरलेल्या पाव ताटात एक भाकरी. भात हवाच असेल तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात.

*सून:* "मामा, आधी भाजी आणि उसळ खा, भाकरी मागून."

भाजी आणि उसळ आधी पोटात गेल्याने जेवणानंतरची साखर हळू चढते. नातवंडांच्या आणि शेतात राबणाऱ्या मुलाच्या ताटात तीच उसळ, तीच भाजी असते. त्यांना भाकरी त्यांच्या भुकेप्रमाणे वाढावी. "आबांचं पथ्याचं" असे वेगळे पातेले चढवले की करणारी थकते, खाणाऱ्याला एकटे वाटते आणि आठ-पंधरा दिवसांत सगळे पूर्वपदावर येते.

दृश्य 3: एकादशी

*सासू:* "उपास आहे, म्हणजे आज पोटाला आराम."
*सून:* "आत्या, साबुदाण्यात सगळी खळच असते. मामांना थोडी भगर आणि दाण्याची आमटी करू का?"

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. भगरही धान्यासारखीच मोजायची, म्हणून तीही अर्धी-पाऊण वाटीच घ्यावी. सोबत दाण्याची आमटी, दही आणि काकडीची कोशिंबीर असावी. मात्र गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी कडक उपास करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दृश्य 4: ताट बदलण्याआधी

*निवेदन:* "तुम्ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर भाकरी-भात एकदम कमी करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. औषध स्वतःहून कमी करू नका, बंदही करू नका."

हे दृश्य कापू नये. काही गोळ्या आणि इन्सुलिन नेहमीच्या जेवणाच्या अंदाजाने ठरवलेले असतात. जेवण निम्मे झाले आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर 70 च्या खाली उतरू शकते. अचानक घाम, हातांची थरथर, धडधड, खूप भूक किंवा बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 वर फोन करावा.

म्हणून सासऱ्यांच्या घरी डॉक्टरांना सांगून पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीचा भात थांबवला जातो, दुसऱ्या आठवड्यात भाकरी कमी होते.

शब्द जपून वापरा

व्हिडिओ ऐकणाऱ्याची तब्येत आपल्याला माहीत नसते. म्हणून "यामुळे मधुमेह बरा होतो" असे म्हणू नये, "जेवणानंतर साखर हळू वाढायला मदत होते" असे म्हणावे. "भात बंद करा" ऐवजी "भात अर्धी वाटी करून पाहा" म्हणावे. गोळीचे नाव किंवा डोस व्हिडिओत कुठेच नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डाळी-उसळींचे प्रमाण वेगळे असू शकते आणि गरोदर महिलांचा आहार वेगळा ठरवावा लागतो, हे एका वाक्यात सांगावे.

बदल लागू पडतोय का?

घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी. एकदा नेहमीच्या ताटानंतर आणि एकदा बदललेल्या ताटानंतर, दोन्ही वेळा औषध आणि चालणे सारखेच ठेवून. चारही आकडे, तारीख आणि ताटात काय होते ते वहीत लिहावे. एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, दोन-तीनदा तसेच करून पाहावे. पुढच्या तपासणीला ही वही डॉक्टरांना दाखवावी. औषधात काही बदल हवा का, ते त्यावरून डॉक्टर ठरवतील.