गिरकीचा वेग आणि हातांची मेहनत

फिगर स्केटिंगमध्ये गिरकी घेणारी स्केटर सुरुवातीला हात पसरून फिरते आणि मग ते छातीशी घेते. हात आत आले की तिचा वेग पाहता पाहता दुपटीहून जास्त होतो. २०१५ साली पोलंडमधील वॉर्सा येथे कॅनडाच्या ऑलिव्हिया ऑलिव्हरने मिनिटाला ३४२ फेऱ्यांचा विक्रम केला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा फेऱ्या. वेग वाढत असताना स्केटरला बाहेरून कोणी ढकलत नाही आणि तिचा पायही बर्फाला रेटा देत नसतो. बर्फावर रेटा दिलेला असतो तो गिरकीत शिरताना. त्यानंतर ती जवळजवळ एकाच जागी फिरत राहते.

फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे ती किती वेगाने फिरते, आणि दुसरी म्हणजे तिचे वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलेले आहे. या दुसऱ्या राशीला जडत्व आघूर्ण म्हणतात. तीत अंतराचा वर्ग येतो, त्यामुळे तेच वस्तुमान दुप्पट अंतरावर नेले तर त्याचा वाटा चौपट होतो. हातांचे वस्तुमान शरीराच्या जेमतेम दहाव्या भागाइतके असूनही गिरकीवर त्यांची एवढी सत्ता चालते, ती यामुळेच. जडत्व आघूर्ण आणि कोनीय वेग यांचा गुणाकार म्हणजे कोनीय संवेग, L = Iω. बाहेरून पीळ देणारे बल नसेल तर हा गुणाकार बदलत नाही. बर्फाचे आणि हवेचे घर्षण असते, पण हात आत घ्यायला लागणाऱ्या अर्ध्या-एक सेकंदात त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही.

५० किलोग्रॅम वजनाच्या स्केटरचे उदाहरण अंदाजी आकड्यांनी सोडवून पाहता येते. धड, डोके आणि पाय मिळून जडत्व आघूर्ण ०.८५ किलोग्रॅम-मीटर-वर्ग धरू. प्रत्येक हात अडीच किलोग्रॅमचा धरला, तर पसरलेले दोन्ही हात त्यात १.४ ची भर घालतात आणि छातीशी घेतलेले हात फक्त ०.१५ ची. एकूण आकडा २.२५ वरून १.० वर येतो. सुरुवातीला ती सेकंदाला २ फेऱ्या घेत असेल, तर हात मिटल्यावर ४.५ फेऱ्या घेईल.

बहुतेक पाठ्यपुस्तकांतले स्पष्टीकरण इथे संपते, पण खरा विचार करण्यासारखा भाग इथूनच सुरू होतो. कोनीय संवेग तेवढाच राहिला, पण गतिज ऊर्जा तेवढी राहिली नाही. परिवलनाची गतिज ऊर्जा K = L²/2I असते. L कायम ठेवून I कमी केले की ऊर्जा वाढलीच पाहिजे. वरच्या उदाहरणात ती सुमारे १७८ जूलवरून ४०० जूलवर जाते. ही २२२ जूल ऊर्जा आली कुठून?

ती स्नायूंनी दिली. फिरताना पसरलेला हात वर्तुळावर ठेवायलाच सुमारे २०० न्यूटन बल लागते, म्हणजे खांद्याशी वीस किलोचे ओझे बाहेरच्या दिशेने ओढत असल्यासारखे. हात आत येतो तसे हे बल कमी होत नाही, उलट वाढते, कारण अंतर घटते त्यापेक्षा फिरण्याच्या वेगाचा वर्ग जास्त झपाट्याने वाढतो. शेवटी प्रत्येक हातावर सुमारे ३४० न्यूटन बल लागते. हे बल लावत हात तेहतीस सेंटिमीटर आत ओढायचा, तर कार्य करावेच लागते. हाताची घडी होताना लागणारे कार्य त्यात मिळवले की हिशोब २२२ जूलशी जुळतो. स्नायू अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कार्यात उतरवतात, म्हणून शरीराचा प्रत्यक्ष खर्च ९०० जूलच्या आसपास जातो.

आता एक शंका उरते. हाताला आत ओढणारे बल अक्षाच्या दिशेने असते, मग धडाला जास्त वेगाने फिरवते कोण? हात आत येत असताना त्याचा मार्ग वर्तुळ राहत नाही, तो आत वळत जाणारी सर्पिल रेषा होतो. त्या वाटेवर आत ओढणाऱ्या बलाचा काही भाग गतीच्याच दिशेने पडतो. हात धडाला जोडलेला नसता, तर त्याचा मध्यबिंदू सेकंदाला ६.३ मीटरवरून १८ मीटरच्या पुढे गेला असता. पण तो खांद्याला जोडलेला आहे. पुढे निसटू पाहणाऱ्या हाताला खांदा मागे धरतो आणि प्रतिक्रिया म्हणून हात धडाला पुढे ढकलतो. या झटापटीत हाताच्या मध्यबिंदूचा वेग उलट ४.८ मीटरपर्यंत उतरतो. हातांची गतिज ऊर्जा ११० जूलवरून ६० वर येते, तर धडाची ६७ वरून ३४० वर जाते. म्हणजे हात स्वतः वेगवान होत नाहीत, ते आपला संवेग धडाच्या स्वाधीन करतात, आणि ऊर्जेतली वाढ जवळजवळ सगळी धडाच्या वाट्याला येते.

आत ओढणे हेच निर्णायक आहे, वस्तुमान नुसते कमी होणे नव्हे. स्केटरच्या हातांत छोटी डंबेल्स असतील आणि तिने ती फक्त सोडून दिली, तर जडत्व आघूर्ण लगेच घटेल, पण गिरकीचा वेग वाढणार नाही. डंबेल्स आपल्या वाट्याचा संवेग आणि ऊर्जा घेऊन सरळ रेषेत निघून जातील. फिरत्या खुर्चीवर बसून हे करून पाहता येते, मात्र डंबेल्स जातील त्या दिशेला कोणी उभे नसावे.

हात पुन्हा उघडले की हाच व्यवहार उलटा होतो. हातांना संवेग देण्यात धड मंदावते, ऊर्जा पुन्हा १७८ जूलपर्यंत उतरते. पण उरलेले २२२ जूल स्नायूंत साठून राहत नाहीत. बाहेर झेपावणाऱ्या हातांना आवरताना स्नायू ताणले जातात आणि जवळजवळ ती सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. उडीनंतर बर्फावर उतरताना स्केटर हात उघडते ते याचसाठी. एका पायावर स्थिर उतरायचे तर फिरणे आधी आवरावे लागते.

हात कितीही घट्ट मिटले तरी वेग अमर्याद वाढत नाही. धडाचे ०.८५ तसेच राहते, त्यामुळे या उदाहरणात हातांचा वाटा शून्यावर आणला तरी सेकंदाला ५.३ फेऱ्यांच्या पुढे जाता येणार नाही. त्याहून वेगवान गिरकीसाठी मोकळा पाय आत घ्यावा लागतो, किंवा गिरकीत शिरतानाच बर्फावर जास्त रेटा देऊन सुरुवातीचा संवेग वाढवावा लागतो. अक्ष किंचित कलला तरी नफा घटतो, कारण वस्तुमान पुन्हा अक्षापासून दूर जाते. असे झाले की बर्फावर पात्याची खूण एका ठिपक्याशी गोळा न होता सरकत जाणारी वेटोळी दिसतात. त्यावरून प्रशिक्षकाला गिरकी कुठे बिघडली ते लगेच कळते.