३४४ पेंग्विन, ३४२ ओळी: ज्युपिटर नोटबुकापासून शोधनिबंधापर्यंत

ज्युपिटर नोटबुक ही छोट्या चौकटींची, म्हणजे सेलची, बनलेली फाइल असते. सेलमध्ये पायथनचा कोड लिहून चालवला की त्याचे उत्तर, तक्ता किंवा आलेख लगेच खाली उमटतो. विश्लेषण करणारा जसजसे सुचेल तसतसा सेल लिहीत जातो. मध्येच मागे जाऊन काही बदलतो, फसलेला प्रयत्न तसाच सोडून पुढे सरकतो. शोधनिबंधातील ‘पद्धती’ आणि ‘निकाल’ हे विभाग वेगळ्या क्रमाने चालतात. पहिल्यात काय मोजले, कोणावर मोजले आणि हिशेब कसा केला हे सांगायचे असते, दुसऱ्यात त्यातून काय हाती आले ते. नोटबुकात कामाचा क्रम असतो, तर निबंधात प्रश्नाचा. म्हणून सेलमधील मजकूर उचलून निबंधात चिकटवता येत नाही. प्रत्येक आकडा कोठून आला हे तपासतच पुढे जावे लागते.

अंटार्क्टिकाजवळच्या पामर द्वीपसमूहातील पेंग्विनांची माहिती हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे. क्रिस्टन गोर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ ते २००९ या काळात तेथील बिस्को, ड्रीम आणि टॉर्गरसन या बेटांवर ॲडेली, चिनस्ट्रॅप व जेन्टू या तीन जातींच्या पक्ष्यांची मोजमापे घेतली. ती माहिती सर्वांसाठी खुली आहे आणि पायथनच्या सीबॉर्न या संचातून एका ओळीत मिळते. तक्त्यात ३४४ ओळी आहेत आणि एक ओळ म्हणजे एक पक्षी. त्यावरून विचारायचा प्रश्न असा: पेंग्विनच्या फ्लिपरची, म्हणजे वल्ह्यासारख्या पंखाची, लांबी आणि त्याचे वजन यांचा संबंध कसा आहे?

लेखनाला बसण्यापूर्वी नोटबुक वरपासून खालपर्यंत एका दमात चालवून पाहणे भाग आहे. सेल हव्या त्या क्रमाने चालवता येतात, आणि एखादा सेल पुसून टाकला तरी त्याने तयार केलेली गोष्ट संगणकाच्या स्मृतीत राहते. त्यामुळे पडद्यावर दिसणारा आकडा आताच्या कोडमधूनच आला आहे याची खात्री नसते. सेलच्या डावीकडचे क्रमांक `[3]`, `[17]`, `[5]` असे उलटसुलट दिसले, तर हीच शंका घ्यावी. गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चालवून पाहिलेल्या नोटबुकांपैकी जवळपास २४ टक्के त्रुटीविना शेवटपर्यंत चालली आणि फक्त ४ टक्के नोटबुकांनी मूळचीच उत्तरे दिली. कोरी सुरुवात करून सगळे सेल ओळीने चालवायचे असतील, तर पुढची आज्ञा पुरते.

```
jupyter nbconvert --to notebook --execute penguins.ipynb
```

या चाचणीत आकडे बदलले, तर बदललेलेच आकडे खरे मानायचे आणि जुने पुन्हा मिळवण्याच्या मागे लागायचे नाही.

त्यानंतर विचारायचे ते किती पक्षी हिशेबात आले हे. पद्धती विभागातील सर्वांत जास्त चुका येथेच होतात, कारण ओळी गाळण्याचे काम नोटबुकात निमूटपणे होते. पेंग्विनांच्या तक्त्यात दोन पक्ष्यांची सगळीच मोजमापे गहाळ आहेत, एक ॲडेली आणि एक जेन्टू. याशिवाय आणखी ९ पक्ष्यांच्या लिंगाची नोंद नाही. अनेक नोटबुकांत सुरुवातीलाच सवयीने लिहिलेली एक ओळ आढळते:

```python
df = df.dropna()
```

कोणतीही एक नोंद रिकामी असलेला पक्षी या ओळीने गळतो आणि ३४४ चे ३३३ होतात. पण प्रश्न पंख आणि वजनाचा आहे, लिंगाचा नाही. ज्या ९ पक्ष्यांची दोन्ही मोजमापे उपलब्ध आहेत त्यांना वगळण्याचे कारण लेखकाला देता येणार नाही. म्हणून लागणाऱ्या स्तंभांपुरतीच छाननी करावी:

```python
cols = ["flipper_length_mm", "body_mass_g"]
d = df.dropna(subset=cols)
print(len(df), len(d))   # 344 342
```

उलट बाजूचा धोकाही आहे. छाननी मुळीच केली नाही, तर स्टॅट्समॉडेल्स हा संच रिकाम्या नोंदी स्वतःच गाळून ३४२ पक्ष्यांवर हिशेब करतो. लेखक मात्र मूळ तक्ता पाहून निबंधात ३४४ लिहितो. या उदाहरणात फरक लहान आहे. ३४२ पक्ष्यांवर पंखाच्या दर मिलिमीटरमागे ४९.७ ग्रॅम वजन निघते, ३३३ वर ५०.२. पण निबंधात ३४२ छापून खाली ५०.२ दिले, तर कोड चालवून पाहणाऱ्या समीक्षकाचा आकडा जुळत नाही आणि मग त्याचा उरलेल्या आकड्यांवरही विश्वास राहत नाही.

पद्धती विभागाचा मोठा भाग नोटबुकात नसतोच. नोटबुक सुरू होते ती तयार तक्त्यापासून. पक्षी कोठे, केव्हा आणि कशाने मोजले हे त्यात लिहिलेले नसते. त्यासाठी मूळ निबंध आणि मूळ नोंदी उघडाव्या लागतात, आणि त्या उघडल्या की कधी कधी हिशेबाच्या मुळाशी जाणारी गोष्ट सापडते. येथे तसेच होते. मूळ नोंदींत प्रत्येक पक्ष्याला `N1A1`, `N1A2` असे ओळखक्रमांक आहेत. त्यातला पहिला भाग घरट्याचा, दुसरा त्या घरट्यातील पक्ष्याचा. अभ्यासासाठी घरटे करणाऱ्या जोड्या निवडल्या होत्या. सीबॉर्नच्या सुटसुटीत तक्त्यात घरट्याचा स्तंभ नाही आणि वर्षाचाही नाही. साधे रेषीय प्रतिगमन, म्हणजे बिंदूंमधून सर्वांत चपखल सरळ रेषा काढण्याची रीत, प्रत्येक ओळ दुसरीपासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरते. एकाच घरट्यातल्या जोडीबाबत ते गृहीतक डोळे झाकून मान्य करता येत नाही. मूळ नोंदी घेऊन घरट्यानुसार गट करून हिशेब करावा हा उत्तम मार्ग. ते केले नसेल, तर केले नाही असे स्पष्ट लिहावे. केवळ नोटबुकावर विसंबणाऱ्या लेखकाला ही अडचण दिसणारच नाही.

एवढे हाती आले की पद्धती विभागाचा परिच्छेद साधारण असा होतो: ‘पामर द्वीपसमूहातील तीन बेटांवर २००७ ते २००९ या काळात घेतलेल्या ३४४ प्रौढ पेंग्विनांच्या नोंदी वापरल्या. पंखाची लांबी व वजन उपलब्ध नसलेले दोन पक्षी वगळून ३४२ पक्ष्यांवर विश्लेषण केले. वजन (ग्रॅम) आणि पंखाची लांबी (मिलिमीटर) यांचा संबंध रेषीय प्रतिगमनाने तपासला. दुसऱ्या प्रारूपात जातीचा समावेश केला. एकाच घरट्यातील पक्ष्यांचे परस्परसाधर्म्य हिशेबात धरलेले नाही.’ शेवटी पायथन आणि वापरलेल्या संचांची नावे आवृत्तीसह द्यावीत. ती आठवणीने न लिहिता नोटबुकात छापून घ्यावीत. `df`, `cols`, `dropna` यांना या परिच्छेदात स्थान नाही. वाचकाला काय केले ते कळायला हवे, कोणत्या आज्ञेने केले ते कोडच्या फाइलीत दिसते.

निकाल विभागाचा कच्चा माल म्हणजे प्रारूपाचा सारांश:

```python
m = smf.ols("body_mass_g ~ flipper_length_mm", data=d).fit()
print(m.summary())
```

या दोन ओळींतून पडदाभर आकडे येतात. त्यातले थोडेच निबंधात जातात आणि कोणते जावेत हा निर्णय लेखकाचा असतो. येथे उतार ४९.६९ आहे, त्याचे ९५ टक्के विश्वास-अंतर ४६.७ ते ५२.७ आणि R² ०.७५९. पी-मूल्याच्या रकान्यात `0.000` छापलेले असते. ते शून्य नव्हे, तीन दशांश स्थळांत न मावलेला लहान आकडा आहे. निबंधात तो p < 0.001 असा जातो. सारांशात उणे ५,७८१ हा एक स्थिरांकही असतो. त्याचा शब्दशः अर्थ पंखच नसलेल्या पेंग्विनचे वजन असा होईल. मोजलेले पंख १७२ ते २३१ मिलिमीटर लांबीचे असल्याने या आकड्यावर भाष्य करू नये. समीकरण द्यायचे असेल तरच तो तक्त्यात ठेवावा.

निबंधातील वाक्य मग असे होते: ‘३४२ पक्ष्यांत पंखाची लांबी एक मिलिमीटरने जास्त असेल तेथे वजन सरासरी ४९.७ ग्रॅमने जास्त आढळले (९५ टक्के विश्वास-अंतर ४६.७ ते ५२.७; R² = ०.७६).’ यात एकक आहे, दिशा आहे, अनिश्चितता आहे. ‘पंख वाढल्याने वजन वाढते’ असे मात्र लिहिता येत नाही, कारण एकाच पक्ष्याला वाढताना कोणी मोजलेले नाही. वेगवेगळे पक्षी एकदाच मोजून त्यांची तुलना केली आहे. तसेच ‘मजबूत’, ‘लक्षणीय’, ‘आश्चर्यकारक’ ही विशेषणे या विभागात नकोत. त्यांची जागा ‘चर्चा’ विभागात आहे.

या रेषेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ॲडेलीचे सरासरी वजन ३,७०१ ग्रॅम, चिनस्ट्रॅपचे ३,७३३ आणि जेन्टूचे ५,०७६. जेन्टूचे पंखही सर्वांत लांब असतात. म्हणजे ४९.७ या उतारात जातीजातींमधला फरकही मिसळला आहे. प्रारूपात जात घातली की उतार ४०.७ वर येतो आणि त्याचे अंतर ३४.७ ते ४६.७ असे रुंदावते. एकाच जातीतल्या दोन पक्ष्यांची तुलना करायची असेल तर हा दुसरा आकडा कामाचा. R² तेव्हा ०.७६ वरून ०.७८ इतकाच होतो. केवळ R² पाहणाऱ्याला जात घालून काही विशेष घडले नाही असे वाटेल, प्रत्यक्षात उतार जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरलेला असतो.

नोटबुकात सहसा याहून बरेच काही करून पाहिलेले असते: चोचीची लांबी, चोचीची जाडी, नर-मादी वेगवेगळे, वजनाचा लघुगणक. या सगळ्यांचे निकाल निबंधात देणे शक्य नसते. पण बारा प्रारूपे तपासून सर्वांत देखणे एकच मांडले आणि ते पहिल्यापासून ठरलेले होते असे भासवले, तर पी-मूल्याचा अर्थच उरत नाही, कारण पुरेसे प्रयत्न केले की योगायोगानेही एखादे लहान पी-मूल्य सापडते. कोणता प्रश्न आधी ठरला होता आणि कोणता माहिती पाहून सुचला, हे पद्धती विभागात एका वाक्यात सांगावे. बाकीची प्रारूपे पुरवणी तक्त्यात द्यावीत.

निबंध पाठवण्यापूर्वीची तपासणी कागदावरच करावी. निकाल विभागातील प्रत्येक आकड्याखाली रेघ मारून तो कोणत्या सेलमधून आला ते समासात लिहावे. ज्या आकड्याला सेल सापडत नाही, तो जुन्या आवृत्तीतून किंवा आठवणीतून आलेला असतो. तो काढून टाकावा किंवा पुन्हा मोजावा. मग ओळीने चालवलेले तेच नोटबुक, नको असलेले सेल वगळून, झेनोडोसारख्या कायमस्वरूपी भांडारात ठेवावे आणि मिळालेला क्रमांक निबंधात द्यावा.