नाव वाचून घेतलेल्या वह्या

22 बाय 30 इंचांचा हातकागद घ्यायचा, पट्टी लावून त्याचे आठ सारखे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मधोमध दुमडायचा आणि चार घड्या एकात एक बसवायच्या. असा आठ पानांचा एक फर्मा तयार होतो आणि एका कागदातून असे दोन फर्मे निघतात. सहा कागदांतून बारा फर्मे म्हणजे 96 पानं, साडेसात बाय साडेपाच इंचांची, हातात घेतल्यावर वजनदार वाटेल अशी वही. बाई ही आकडेमोड तोंडपाठ सांगतात. प्राथमिक शाळेत तीस-एक वर्षं पाढे घेतलेल्या माणसाला त्यात काही अवघड नाही. निवृत्तीनंतर पुण्यातल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी एक मोठं टेबल टाकलं आणि जुजबंदीच्या वह्या शिवायला घेतल्या. जुजबंदी म्हणजे फर्मे एकेक करून दोऱ्याने एकमेकांत गुंफायचे. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या किंवा पिना मारलेल्या वहीच्या वाटेला बाई जात नाहीत.

हातकागदासाठी पुण्याबाहेर जावं लागत नाही. शिवाजीनगरला 1940 साली हातकागदाची संस्था उभी राहिली. होजिअरीच्या कारखान्यात कापून उरलेल्या सुती चिंध्यांपासून कागद करण्याची पद्धत तिच्यामुळे शहराच्या ओळखीची झाली. चिंध्या कुटून त्यांचा लगदा करतात, तो पाण्यात कालवून जाळीच्या साच्यावर उचलतात, कापडावर उलटतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. सुती धागा लांब असल्यामुळे हा कागद घडीवर लवकर फाटत नाही. जुजबंदीला नेमकं हेच हवं असतं, कारण सगळा ताण घडीवरच येतो. त्याच्याही कितीतरी आधी जुन्नरचा कागद महाराष्ट्रभर चालत होता. कागदाला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटला की बोरूची शाई त्यावर पसरत नसे. घोटण्याची ही गोष्ट पुढे बाईंच्या कामी आली.

शिवण बघत बसावी अशी असते. फर्म्याची घडी उघडून आरीने पाच भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवायचा, कण्यावर आडव्या लावलेल्या सुती फितींना वळसा घालायचा आणि टोकाला पोचलं की खालच्या फर्म्याच्या टाक्यात गाठ अडकवायची. दोरा ओढायचा तो कण्याच्या रेषेत. वरच्या बाजूला खेचला तर भोक फाटत जाऊन घडीलाच चीर पडते. जाड दोरा वापरला तर बारा फर्म्यांतल्या दोऱ्यांची जाडी कण्यात जमा होते. वही कण्याकडे फुगते आणि मोकळ्या बाजूला चपटी राहते. बारीक दोरा कागद कापतो. बाई तयार वही टेबलावर आडवी ठेवून डोळे तिच्या पातळीवर आणतात. वरचा पुठ्ठा उतरता दिसला की त्या वहीचं शिवण उसवतात. मी बघत असताना त्यांनी एक उसवली. मला तो उतार दिसलाच नव्हता.

पुठ्ठ्याला लागते मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर आणि झुरळं दूर राहतात. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला तर वाळताना तो कागद आकसतो आणि पुठ्ठा त्याच्याकडे वाकतो. म्हणून आतूनही अस्तर लावावंच लागतं आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी, वजनाखाली वाळवाव्या लागतात. पुण्याच्या पावसाळ्यात खळ नीट वाळायला दोन-दोन दिवस जातात. घाई केली की आठवड्याभरात आतल्या कोपऱ्यात हिरवट बुरशी दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये बाई फक्त शिवतात, पुठ्ठे चढवणं गणपतीनंतर.

सगळ्यात शेवटी नावाची चिठ्ठी. कागदाचा एक छोटा आयत, त्यावर बोरूने लिहिलेलं नाव आणि तो पुठ्ठ्याच्या वरच्या भागात चिकटवलेला. सुरुवातीला बाई ही गंमत म्हणूनच करत असत. कोरी वही कोरीच विकायची तर ओकंबोकं दिसतं, म्हणून ‘प्रवास’, ‘पाऊस’, ‘मनातलं’, ‘आजीच्या पाककृती’ अशी नावं. आतली वही सगळ्यांची एकच: तोच कागद, तेच फर्मे, तीच शिवण.

शिक्षकाला जी खोड असते ती बाईंनाही होती. वहीबरोबर सूचना हवी. अर्ध्या पानाची सूचना त्यांनी छापून घेतली. नवी वही एकदम मधोमध उघडू नका. कणा टेबलावर टेकवून आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढची थोडी पानं, मागची थोडी पानं, असं करत मध्यापर्यंत या. शाईचं पेन वापरणार असाल तर आधी शेवटच्या पानावर एक थेंब टाकून बघा, कडेला केस फुटल्यासारखे दिसले तर त्या वहीत बॉलपेनच वापरा. ही सूचना घडी घालून मागच्या पुठ्ठ्याच्या आत खळीच्या एका थेंबाने चिकटवलेली असायची. वाचायची तर घडी उकलावीच लागे.

एका दिवाळीच्या प्रदर्शनात ‘प्रवास’ लिहिलेली वही हातात घेऊन एका गृहस्थांनी विचारलं, “काकू, यात नकाशे आहेत का?” पानं त्यांच्या समोर होती, कोरी. दुसऱ्या एकीला वही आवडली होती, पण तिने ती खाली ठेवली. “मी कविता लिहिते हो, आणि ही पाककृतींची आहे.” बाईंनी तीच वही ‘पाऊस’च्या गठ्ठ्यातून काढून दिली, तर ती लगेच खूश. आडनावासारखी नावाची चिठ्ठी वहीला चिकटली होती. पुढच्या वर्षी बाईंनी मुद्दाम चार गठ्ठे लावले. एकाला नावच नव्हतं. ‘आजीच्या पाककृती’ पहिल्या दिवशी संध्याकाळी संपल्या, बिनानावाच्या मात्र शेवटच्या दिवशीही तशाच पडून होत्या. कुणी उचलायचं, पानं अंगठ्याने फर्रकन सोडायचं आणि विचारायचं, “पण ही कशाची वही आहे?”

इथवर ही विक्रीची मजा होती. खरी गोष्ट पुढे कळली, वह्या दुरुस्तीला परत येऊ लागल्यावर. शिवलेली वही परत शिवता येते, असं बाई सगळ्यांना सांगत, म्हणून माणसं वह्या आणत. काहींचे कणे मधोमध चिरलेले, म्हणजे वही पहिल्या दिवशीच मधून उघडून दाबली होती. काहींत शाई मागच्या पानावर उतरली होती. बाई मागचा पुठ्ठा उघडून बघत. सूचनेची घडी जशीच्या तशी, खळीचा थेंबसुद्धा सुटलेला नसे. उकललेली घडी क्वचितच दिसे, आणि त्यातल्या एका घडीच्या मागे वाण्याचा हिशेब लिहिलेला होता.

आणि मग ‘आजीच्या पाककृती’ परत आल्या. ज्या वह्या सगळ्यात आधी खपल्या होत्या, त्याच सगळ्यात वाईट अवस्थेत आल्या. सुती कागद तेल पितो. ओट्यावर ठेवलेल्या वहीला फोडणीचा एक शिंतोडा लागला की डाग चार पानं खाली जातो आणि हळदीचं बोट लागलेला कोपरा कायमचा पिवळा होतो. तक्रार कुणी केली नाही, उलट आणणाऱ्या मुली त्या डागांवर खूश होत्या. पण बाईंना ते बरं वाटेना. नाव लिहून आपण वहीला स्वयंपाकघरात पाठवलं, आणि स्वयंपाकघरात टिकेल असं वहीत काहीच केलं नव्हतं.

मला वाटतं, दुसरं कुणी इथे लोकांच्या न वाचण्यावर चिडलं असतं. बाईही थोड्या चिडल्या असतील. पण त्यांनी उपाय काढला तो व्यापाऱ्यांकडे बघून. जुन्या पेढीवर रोजच्या व्यवहाराची वही ती कीर्द आणि खात्यांची ती खतावणी. नावावरून मुनीमाला कळायचं की आत काय आहे आणि ही वही कशी लिहायची, आणि बांधणीही त्या वापराला धरून असायची. दिवाळीत वहीपूजन होतं ते अशाच वह्यांचं. हस्तलिखित पोथीचं उलट असे. तिथे ग्रंथाचं नाव बऱ्याचदा शेवटी, समाप्तीच्या ओळीत. पोथी घेणाऱ्याला ती कसली आहे हे आधीच ठाऊक असायचं. प्रदर्शनातल्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसतं आणि त्याच्याजवळ वेळही नसतो.

म्हणून आता बाई उलट्या दिशेने काम करतात. आधी नाव लिहितात आणि मग त्या नावाला शोभेल अशी वही बांधतात. ‘आजीच्या पाककृती’साठी त्या प्रत्येक कागदाला तांदळाच्या पातळ पेजेचा हात देतात, वाळवतात आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने दोन्ही बाजूंनी घोटतात, जुन्नरच्या कागदासारखा. घोटल्याने कागदाची छिद्रं मिटतात, तेल पोचतं ते वरवर, लगेच टिपलं तर डाग खाली उतरत नाही. मात्र तेल पूर्ण थांबत नाही, हे बाई आपणहून सांगतात. पुठ्ठ्यावर पुसता येईल असं रेक्झिन. पानंही कमी, आठच फर्मे, म्हणजे वही ओट्यावर सपाट उघडी राहते. इतर वह्यांच्या मानाने या वहीला दुप्पट वेळ लागतो. किंमत त्या प्रमाणात वाढवली तर गिऱ्हाईक दचकतं, म्हणून नफा जवळजवळ नाही. ‘मनातलं’ त्यांनी बंद केली. मनातलं लिहायची वही म्हणजे नेमकी कशी बांधायची, हे त्यांना ठरवता आलं नाही. ‘प्रवास’ आहे, पण तिला आता वरून दोरीची बांधणी आणि मागे तिकिटं ठेवायला कागदी खिसा आहे. ‘पाऊस’ आता दोन झाल्या: ‘शाईच्या पेनाची वही’ आणि ‘बॉलपेनाची वही’. रूक्ष नावं आहेत, असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, “असू दे. शाईच्या पेनाची वही अजून एकही परत आलेली नाही.”

मधोमध उघडण्याची सूचना मात्र कुठल्याच नावात बसेना. ‘हळू उघडा’ असं नाव दिलं तर लोक ते विनोदी म्हणून घेऊन जातील, असं बाईंना वाटलं. तेव्हा ते काम त्या आता स्वतःच करतात. विकायच्या आधी प्रत्येक वही टेबलावर कण्यावर उभी करतात, दोन्ही पुठ्ठे सोडतात आणि पुढून थोडी, मागून थोडी अशी मध्यापर्यंत येतात. वहीला पाच-सात मिनिटं जातात. प्रदर्शनात गर्दी असली तरी त्या हे सोडत नाहीत आणि गिऱ्हाईक थांबून बघतं. एका मुलाने विचारलं होतं, “बाई, हिला व्यायाम देताय का?” बाईंनी हो म्हटलं.

छापलेल्या सूचनांचा गठ्ठा अजून बराच उरला आहे. कण्यावर कापडाच्या वर कागदाची एक पट्टी चिकटवावी लागते, म्हणजे कणा ताठ राहतो. बाई त्या पट्ट्या आता सूचनांच्या कागदातूनच कापतात. कणा पुन्हा चिरला तरच त्या कुणाला वाचता येतील.