खोट्या झुंजीतले नियम

पेरूच्या किनाऱ्यावर फर सील नावाच्या सागरी प्राण्यांच्या पिल्लांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट हारकोर्ट यांनी १९९१ मध्ये एक हिशेब मांडला. त्यांच्या निरीक्षणात सागरी सिंहांनी फर सीलची २६ पिल्लं मारली होती. त्यांतली २२ पिल्लं मारली गेली त्या वेळी उथळ पाण्यात एकमेकांशी खेळत होती. खरं तर ही पिल्लं दिवसातला फार थोडा वेळ खेळतात, तरी बहुतेक बळी त्याच थोड्या वेळात गेले. खेळात रमलेल्या पिल्लाचं आजूबाजूला लक्ष नसतं, हे त्यामागचं साधं कारण.

एवढी किंमत मोजावी लागत असेल, तर खेळ ही नुसती अंगातली मस्ती असणं शक्य नाही. तसं असतं तर कमी खेळणारी पिल्लंच जास्त वाचली असती आणि पिढ्या जाता जाता खेळ संपून गेला असता. प्रत्यक्षात उंदरापासून अस्वलापर्यंत बहुतेक सस्तन प्राण्यांची पिल्लं खेळतात. त्यांना त्यातून काहीतरी मिळत असणार. पण काय?

सर्वांत जुनं आणि सर्वांना पटणारं उत्तर कार्ल ग्रूस या जर्मन विचारवंताचं आहे. प्राण्यांच्या खेळावरच्या १८९६ मधल्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की खेळ म्हणजे मोठेपणीच्या कामांची लहानपणी केलेली तालीम. मांजराच्या पिल्लाकडे पाहिलं की हे लगेच पटतं. साधारण चौथ्या आठवड्यात पिल्लं भावंडांच्या अंगावर चढू लागतात, लोळू लागतात. सात-आठ आठवड्यांची झाली की दोऱ्याचं टोक, सुकलेलं पान, पडद्याची झालर असं जे हलेल त्याच्यामागे लागतात. पोट जमिनीला टेकवून दबकत पुढे सरकायचं, मागचे पाय जागच्या जागी हलवून नेम धरायचा आणि झेप घेऊन पुढच्या पंजांनी दाबून धरायचं. उंदीर पकडणारी मोठी मांजर नेमकं हेच करते. मग याला तालीम नाही तर काय म्हणायचं?

टिम कारो यांनी ही समजूत प्रयोगातून तपासली. काही पिल्लांना लहानपणी खेळायला वस्तू मिळाल्या, काहींना मिळाल्या नाहीत. पुढे ती मोठी झाल्यावर त्यांच्यासमोर खरी शिकार आली, तेव्हा दोन्ही गटांच्या कौशल्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात फरक पाडणारी गोष्ट वेगळीच निघाली. ज्या पिल्लांना आईच्या सोबतीत खऱ्या उंदराला सामोरं जायला मिळालं होतं, ती पुढे जास्त चांगली शिकारी झाली. मांजरीचा मूळचा क्रमही असाच असतो. ती आधी मेलेला उंदीर पिल्लांपुढे आणून टाकते, पुढे अर्धमेला आणि नंतर जिवंत. उंदीर पळू लागला की स्वतः त्याला अडवते, पण मारण्याचं काम पिल्लांवर सोडते. शिकारीची शिकवणी ती ही.

दबा आणि झेप यांचा शिकारीशी काही संबंध नाही, असा याचा अर्थ मी काढणार नाही. मोठ्या मांजरांवरच्या प्रयोगांत त्या भुकेल्या असताना उंदरासारख्या खेळण्याशी जास्त जोमानं खेळतात असं आढळलं आहे, म्हणजे खेळाची आणि शिकारीची ऊर्मी एकमेकींना जोडलेली आहे. पण शिकारीचा मूळ साचा पिल्लू जन्मतःच घेऊन येतं. खेळ तो साचा घडवतो, असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय भावंडांमधला पाठलाग नीट पाहिला तर त्यात शिकारीत कधीच न घडणारी एक गोष्ट दिसते. पळणारं पिल्लू थोडं पुढे जाऊन थांबतं, मागे वळून पाहतं, आणि पुढच्या क्षणी पाठलाग करणारं पळू लागतं. भक्ष्य आणि शिकारी अशा जागा बदलत नाहीत. या अदलाबदलीत काय शिकायला मिळतं, हे सर्वांत बारकाईनं तपासलं गेलं ते उंदरांवर.

कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातले सर्जिओ पेलिस यांनी उंदरांच्या खेळाचं चित्रीकरण करून ते अतिशय सावकाश चालवून पाहिलं. पळभरात उरकणारी झटापट त्यामुळे हालचालीगणिक वाचता आली. एरवी आपण म्हणतो की पिल्लं ‘मारामारीचा खेळ’ खेळतात. पेलिस यांना दिसलं की हा खेळ आणि खरी मारामारी यांचं लक्ष्यच वेगळं असतं. खऱ्या भांडणात उंदीर दुसऱ्याच्या पाठीच्या खालच्या भागाला आणि कुशीला चावतो. खेळात मात्र सगळी धडपड मानेसाठी चालते, आणि मानेपर्यंत पोचल्यावर चावा नसतो. तिथे फक्त नाक घासायचं. कबड्डीत शिवणं पुरतं, तसं इथे मानेला नाक लागलं की पुरतं. ज्याच्या मानेवर नेम आहे, ते पिल्लू अंग वळवून उताणं होतं आणि मान लपवतं. वरचं पिल्लू पुढच्या पायांनी त्याला दाबून धरतं. ही माणसाच्या डोळ्यांना ओळखू येणारी कुस्तीची स्थिती.

आता वरच्या पिल्लाचे मागचे पाय पाहायचे. ते जमिनीवर घट्ट रोवलेले असतील, तर खालच्याला सुटका जवळपास अशक्य. पण लहान वयात वरचं पिल्लू बरेचदा चारही पाय खालच्याच्या अंगावर ठेवतं. खालच्यानं जरा अंग हलवलं की त्याचा तोल जातो आणि पारडं उलटतं. हातात आलेला डाव अशा रीतीनं सोडून दिला जातो. पिल्लांना जमिनीवर पाय रोवणं जमत नाही असं नाही. वय वाढतं तसं ती ते जास्त करू लागतात, नेमका खेळाचा बहर ओसरत असताना. हा बहर उंदरांमध्ये वयाच्या ३० ते ४० दिवसांच्या सुमारास असतो. त्या दिवसांत वर असण्यापेक्षा झटापट चालू राहणं पिल्लाला महत्त्वाचं असतं. एकच पिल्लू कायम वरचढ राहिलं आणि त्यानं दुसऱ्याला कधीच डाव दिला नाही, तर दुसरं हळूहळू खेळायचंच बंद करतं. तेव्हा खेळायचं असेल तर हरायची तयारी ठेवावी लागते. उंदरासारख्या छोट्या प्राण्याला हा हिशेब अंगवळणी पडतो, हे मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

हे शिकायला मिळालंच नाही तर? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी काही उंदरांना वयाच्या चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात एकटं ठेवलं, म्हणजे खेळाचा काळ काढून घेतला, आणि त्यानंतर इतरांमध्ये सोडलं. मोठेपणी त्यांना एका दांडग्या नराच्या हद्दीत नेलं. खेळून वाढलेला उंदीर अशा वेळी मार खाल्ल्यावर नमतं घेतो, निपचित राहतो, मालकाच्या नजरेत येत नाही. एकट्यानं वाढलेले उंदीर मात्र फिरत राहिले आणि पुन्हा पुन्हा मार ओढवून घेत राहिले. त्यांच्या शरीरातला ताणही उशिरा उतरला. ते भित्रे नव्हते की जास्त भांडखोर नव्हते. समोरचा कोण आहे आणि आपण आता काय करायला हवं, एवढं त्यांना उमगत नव्हतं.

एकटेपणानंच हे झालं असेल, खेळाचा काय संबंध, अशी शंका इथे रास्त आहे. ती त्याआधीच, १९७८ मध्ये, डोरोथी आयनन आणि सहकाऱ्यांनी तपासली होती. एकट्या ठेवलेल्या पिल्लांना त्यांनी दिवसातून फक्त एक तास सोबती दिला. सोबती खेळणारा असेल, तर एकटेपणाचे परिणाम बरेचसे टळले. औषध देऊन न खेळणारा केलेला सोबती दिला, तर त्या सोबतीचा उपयोग झाला नाही. पिल्लाला हवी होती ती झटापट.

मेंदूतही त्याची खूण सापडते. पेलिस आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की समवयस्कांशी खेळलेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे वागण्याला आवर घातला जातो तिथे, पेशींच्या फांद्या छाटल्या जातात. ज्यांना फक्त मोठ्यांच्या सोबतीत वाढवलं, त्यांच्यात ही छाटणी झालेली नसते. गंमत अशी की मेंदूचा बाह्य थर काढून टाकला तरी उंदराची पिल्लं खेळतात. म्हणजे खेळायची ओढ मेंदूच्या खोल, जुन्या भागातून येते आणि तिचा लाभ वरच्या, उशिरा पिकणाऱ्या भागाला होतो.

चावा खरा नाही, हे समोरच्याला कळावं कसं, हाही प्रश्न असतोच. उंदीर त्यासाठी माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत चिवचिवतात. कुत्र्याच्या पिल्लांची खूण मात्र आपण गल्लीत रोज पाहतो. पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवायचे, मागचा भाग उंच ठेवायचा आणि शेपटी हलवायची. मार्क बेकॉफ यांनी कुत्री, लांडगे आणि कायोटी यांच्या पिल्लांमधली ही वाकण्याची ढब बारकाईनं मोजली. ती केवळ खेळ सुरू करताना येत नाही. डोकं झटकत घेतलेल्या जोरदार चाव्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतरही ती येते. गैरसमज होण्याचा धोका जिथे जास्त, तिथे खूण पुन्हा दिली जाते. यावरून आपल्यालाही खेळ आणि भांडण वेगळं ओळखता येतं. खेळात पिल्लं मध्येच थांबतात, तोंड उघडं पण सैल असतं, खाली पडलेलं पिल्लू सुटल्यावर आपणहून परत येतं. अंग ताठ झालं, आवाज दबून खोल गुरगुरीत गेला आणि पळणारं परत येईनासं झालं, की खेळ संपलेला असतो.

मात्र खेळ म्हणजे जिवाभावाचे बंध असं सरसकट म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कलहारीत लिंडा शार्प यांनी मीरकॅट या टोळीनं राहणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास केला. लहानपणी जास्त खेळलेली किंवा खेळात जास्त जिंकलेली पिल्लं मोठेपणी खऱ्या लढती जास्त जिंकत नव्हती. जास्त खेळण्यानं टोळीशी असलेलं नातंही घट्ट होत नव्हतं. उंदरांवरून काढलेला निष्कर्ष मीरकॅटला लावता येत नाही, आणि खेळाचं एकच कारण शोधणं बहुधा चुकीचं आहे.

घरी पिल्लू आणणाऱ्यांना यातली एक गोष्ट लगेच उपयोगी पडते. भारतात कुत्र्यांच्या विक्रीसाठी २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास घरी आणली जातात. आणखी चार आठवडे ते आई-भावंडांत राहिलं असतं, तर दात किती रुतवले की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो, हे त्यानं रोज अनुभवलं असतं. तो अनुभव चुकलेलं पिल्लू घरातल्या मुलांच्या हातांवर दात रोवतं आणि लोक त्याला चावरं म्हणतात. अशा पिल्लाला मारून उपयोग नाही. दात टोचले की लगेच हात काढून घ्यावा आणि थोडा वेळ खेळ बंद करावा. शक्य असेल तर लसीकरणानंतर त्याला त्याच्याच वयाच्या, खेळणाऱ्या पिल्लांमध्ये सोडावं. मांजराचं पिल्लू आणायचं असेल, तर एकटं न आणता त्याच वेतातली दोन भावंडं आणावीत.